कंसातला ‘क’ कितवा?

भारतीय संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात एक अक्षर नाही. भाषणाचं स्वातंत्र्य, शांततेने एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य, संघटना स्थापण्याचं, देशभर फिरण्याचं, कुठेही राहण्याचं स्वातंत्र्य असे हक्क (क), (ख), (ग), (घ), (ङ) या क्रमाने येतात आणि त्यानंतर थेट (छ) येतो. पेशा, व्यवसाय किंवा व्यापार करण्याचा हक्क तो. मधला (च) नाहीच. इंग्रजी प्रतीतही (e) संपला की (g) सुरू होतो. त्या जागी पूर्वी मालमत्ता मिळवण्याचा, बाळगण्याचा आणि विकण्याचा हक्क होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो वगळला आणि २० जून १९७९ पासून ती जागा रिकामी आहे. मालमत्तेचा हक्क अनुच्छेद ३००क मध्ये गेला, मूलभूत हक्क राहिला नाही. पण म्हणून (छ) ला कुणी एक घर मागे सरकवलं नाही.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे विद्यार्थी, वकिलांकडचे टंकलेखक, डीटीपीचं काम घेणारे दुकानदार या सगळ्यांवर कधी ना कधी हे पान टाइप करण्याची वेळ येते. ग्रंथालयातल्या पुस्तकाचा मोबाइलवर फोटो काढायचा, तो पडद्यावर एका बाजूला ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला वर्डमध्ये मजकूर उतरवायचा, ही आता रोजची रीत झाली आहे. इंग्रजी प्रत उतरवताना पहिल्या ओळीच्या आधी (a) टाइप केला आणि एंटर दाबलं की वर्ड पुढचा (b) स्वतःहून देतो. टाइप करणाऱ्याला बरंच वाटतं, तेवढेच कष्ट वाचले. (c), (d), (e) असेच येतात. सहाव्या वेळी यंत्र (f) देतं आणि माणूस त्यापुढे व्यवसायाचा हक्क टाइप करून मोकळा होतो.

ही चूक नजरेला टोचत नाही. स्पेलिंग चुकलं तर खाली लाल रेघ येते, शब्द गळला तर वाक्य अडखळतं. इथे मात्र मजकूर शब्दन् शब्द बरोबर आहे, अक्षरं ओळीने लागली आहेत, उलट मूळ पानापेक्षा टाइप केलेलं पानच जास्त नीटस दिसतं. मुद्रितशोधकही फसू शकतो, कारण तो क्रम तुटलेला दिसला तर थांबतो. क्रम जुळलेला दिसला तर कशाला थांबेल?

आता ही प्रत कुणाच्या तरी हाती पडते. विशाखा विरुद्ध राजस्थान राज्य या १९९७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या जागी होणारा लैंगिक छळ हा स्त्रीच्या कलम १४, १५ आणि २१ खालच्या हक्कांबरोबरच १९(१)(g) खालच्या हक्काचाही भंग आहे, असं म्हटलं. वाचक आपल्या प्रतीत (g) शोधतो, तर तो तिथे नाही. (f) आहे, आणि जुन्या पुस्तकांत (f) म्हणजे मालमत्ता. दुरुस्त्या करताना मधल्या जागा रिकाम्या ठेवतात त्या याचसाठी. एकदा दिलेल्या खुणेवर निकाल, कायदे, शासन निर्णय असं सगळं बांधलेलं असतं आणि खूण हलली की तो सगळा व्यवहार भलत्याच ठिकाणी जाऊन पोचतो. कंसातलं अक्षर हे मजकुरासमोरचं नक्षीकाम नाही. तो मजकूरच आहे, आणि तो जसा छापलाय तसाच हाताने टाइप करायचा असतो.

एकोणिसाव्या अनुच्छेदाची गंमत अशी की आपली खूण चुकली का, हे तपासण्याची सोय त्याच्या पोटातच आहे. खंड (१) मध्ये हक्क दिले आहेत आणि खंड (२) ते (६) मध्ये त्या हक्कांवर कोणते निर्बंध घालता येतात ते सांगितलं आहे. खंड (२) उपखंड (क) विषयी बोलतो, (३) हा (ख) विषयी, (४) हा (ग) विषयी. खंड (५) एकदम (घ) आणि (ङ) या दोघांना घेतो आणि खंड (६) हा (छ) ला. टाइप करून झाल्यावर हे पाच उल्लेख एकेक करून पाहिले, तर प्रत्येकाचा पत्ता वर सापडायला हवा, आणि वरचा एकही उपखंड निर्बंधाच्या उल्लेखावाचून उरता कामा नये. यंत्राने (छ) चा (च) केला असेल, तर खंड (६) अशा उपखंडाकडे बोट दाखवतो जो प्रतीत नाही, आणि (च) एकटाच अनाथ राहतो. दोन मिनिटांची तपासणी आहे ही. शिवाय खंड (५) मध्ये पूर्वी (घ), (ङ) आणि (च) असे तीन उल्लेख होते. ४४ व्या दुरुस्तीने तिथलाही (च) काढला. ज्याच्या प्रतीत तीन उल्लेख आहेत, त्याने १९७९ च्या आधीचं पुस्तक फोटोत घेतलं आहे, हेही इथेच कळतं.

खुणेइतकाच दुसरा प्रश्न पातळीचा. कोणता मुद्दा कोणाच्या पोटात आहे, हे छापील पानावर समासापासून किती आत सरकवून छापलंय यावरून कळतं. फोटोत मात्र हाच पुरावा आधी बिघडतो. उघड्या पुस्तकाचा फोटो घेतला की शिवणीकडचा कागद वळतो. उजव्या पानाचा डावा समास नेमका त्या वळणात येतो, त्यामुळे तिथल्या ओळींची सुरुवात आकसते आणि आतली-बाहेरची पातळी एकमेकींत मिसळल्यासारखी दिसते. डाव्या पानाचा डावा समास बाहेरच्या कडेला असल्यामुळे तो पुष्कळ सरळ येतो. फोन तिरपा धरला असेल, तर पानाच्या वरच्या भागात अर्धा इंच आत असलेली ओळ खालच्या भागात पाव इंचच आत दिसते. त्यामुळे उजव्या पानावर समासाच्या अंतरावर भरवसा ठेवायचा नाही. दोन्ही पानं एका फोटोत कोंबण्याऐवजी एकेक पान, फोन कागदाला समांतर धरून घेतलं तर निम्मा त्रास तिथेच टळतो. आणि पान (iii) ने किंवा (ग) ने सुरू होत असेल, तर मागच्या पानाचा फोटो हवाच. त्याचा पिता तिकडे बसलेला असतो.

समास बेभरवशाचा असला की वाक्य विचारावं. एखाद्या मुद्द्याचं वाक्य जिथे अर्धवट थांबतं, म्हणजे शेवटी लांब रेघ असते किंवा ‘पुढील बाबतीत’ असे शब्द असतात, तिथे त्याच्या पोटात मुलं आहेत. वाक्य अर्धविराम देऊन पुरं झालं असेल, तर पुढचा मुद्दा त्याचा भाऊ आहे. खात्री करायची तर पित्याचे सुरुवातीचे शब्द आणि मुलाचा मजकूर जोडून वाचायचा. वाक्य सलग लागलं की नातं जुळलं. एकोणिसाव्या अनुच्छेदाचा खंड (६) असाच आहे. त्याचा पहिला भाग साध्या परिच्छेदासारखा जातो, पण शेवटी तो दोन विशेष बाबींवर येऊन थांबतो आणि त्यांना (i) व (ii) अशा खुणा आहेत. पहिली पेशासाठी लागणाऱ्या पात्रतेची आणि दुसरी सरकारने स्वतः चालवलेल्या व्यापाराची. या दोन खुणा १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आल्या. त्या खंड (६) च्या पोटात आहेत. (१) च्या नाहीत आणि अनुच्छेदाच्याही थेट नाहीत.

रोमन खुणांची खरी परीक्षा मात्र पुढे, ५१क मध्ये होते. मूलभूत कर्तव्यांचा हा अनुच्छेद १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आला तेव्हा कर्तव्यं दहा होती. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने मुलांच्या शिक्षणाविषयीचं अकरावं जोडलं. इंग्रजीत त्यांच्या खुणा (a) ते (k). म्हणजे वैज्ञानिक दृष्टिकोनाचं कर्तव्य (h), त्यानंतर सार्वजनिक मालमत्ता सांभाळण्याचं कर्तव्य (i), मग उत्कृष्टतेचं (j). हा (i) रोमन एक नाही, इंग्रजी वर्णमालेतलं नववं अक्षर आहे. पण दिसायला दोघांत काहीच फरक नाही, छापखान्यात तो एकच खिळा. फोटोतलं पान नेमकं (i) ने सुरू झालं आणि टाइप करणाऱ्याने नव्या फाइलमध्ये तिथूनच सुरुवात केली, तर वर्ड त्याला रोमन समजतो आणि एंटर दाबताच पुढे (ii) देतो. (j) च्या जागी (ii) आला, तर तो निदान दिसतो तरी. त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी ‘(h) नंतर (i), म्हणजे पोटमुद्दा’ असं समजून ती ओळ आणखी आत सरकवतो. मग सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण हा वैज्ञानिक दृष्टिकोनाचाच एक प्रकार होऊन बसतो.

हा (i) कोणता, हे त्याच्याकडे बघून कळत नाही, त्याच्या शेजाऱ्यांकडे बघून कळतं. मागे (h) आणि पुढे (j) असेल तर अक्षर. पुढे (ii) असेल तर आकडा. पुढचा शेजारी फोटोत नसेल तर मागच्याचं वाक्य बघायचं: (h) अर्धविरामाने पुरं झालंय, म्हणजे (i) त्याचा भाऊ. (h) रेघेवर थांबलंय, म्हणजे (i) त्याचं मूल. लांबलचक याद्यांत हाच घोळ (v) आणि (x) लाही होतो, कारण (u) नंतरचा (v) आणि (iv) नंतरचा (v) तितकेच जुळे आहेत. (l), (c), (d), (m) हीदेखील रोमन आकड्यांची अक्षरं आहेत, पण पन्नास, शंभर असे रोमन क्रम पोटमुद्द्यांत सहसा येत नाहीत, त्यामुळे तिथे डोकं लावावं लागत नाही.

फोटोतला मजकूर हाताने न टाइप करता फोनच्या ओसीआरने उचलला, तर घोळाचं स्वरूप बदलतं. (ii) चा (11) होतो, (i) चा (1) किंवा (l). यातला (1) सगळ्यांत घातक. (11) विचित्र दिसतो म्हणून पकडला जातो, पण (1) ही दिसायला अगदी रास्त खूण आहे आणि ती सगळ्यांत वरच्या पातळीची आहे. एका ठिपक्याच्या चुकीने सर्वांत आतला मुद्दा उडी मारून सर्वांत वर येतो आणि त्याच्यामागचे सगळे त्याच्या पोटात गेल्यासारखे दिसतात. देवनागरीत (१) आणि (९) यांची, (घ) आणि (ध) यांची अशीच अदलाबदल होते, आणि (ख) चा कधी कधी (रव) होतो. शेवटचा विनोदी तरी आहे.

मराठी पानांवर याहून एक वेगळा पेच आहे. मराठीत पोटमुद्द्यांच्या दोन माळा वापरात आहेत. संविधानाच्या मराठी प्रतीत व्यंजनमाला आहे: क, ख, ग, घ, ङ, च, छ. दुसरीकडे शाळेच्या प्रश्नपत्रिका, जुनी परिपत्रकं, संस्थांचे नियम यांत अ, ब, क, ड चालतं, इंग्रजी ए-बी-सी-डीच्या वळणावर बेतलेलं. त्यामुळे कंसातला (क) एका माळेत पहिला आहे आणि दुसरीत तिसरा. फोटोत पानाचा तुकडाच आला असेल आणि त्यावर (क) ने सुरू होणारा मुद्दा पहिला दिसत असेल, तर त्याच्याआधी काही आहे की नाही, हे त्या अक्षरावरून सांगता येत नाही. पुढचं अक्षर (ख) असेल तर यादी इथूनच सुरू होते. पुढे (ड) असेल तर आधीचे (अ) आणि (ब) मागच्या पानावर राहिले आहेत.

आणि इथेच ङ गोत्यात येतो. मराठीत ङ एकटा कुठे लिहावा लागत नाही, त्यामुळे टाइप करणाऱ्याच्या बोटांना त्याची सवय नसते आणि फोटोत त्याचा ठिपका उडाला की उरतो तो ड. आता (क), (ख), (ग), (घ), (ड) अशी माळ तयार होते. व्यंजनमालेत ड तेरावा, म्हणजे तो इथे चूकच. पण अ, ब, क, ड या माळेत तो चौथा आणि ओळखीचा, त्यामुळे डोळ्याला खटकत नाही. खंड (५) मध्ये ‘(घ) आणि (ङ)’ असा उल्लेख नीट टाइप झाला असेल आणि वर (ड) असेल, तर संगणकावर शोधताना (ङ) वर सापडत नाही, कारण संगणकाला हे दोन वेगळे वर्ण आहेत. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ङ मिळतो तो `Shift+U` ने आणि ५१क साठी लागणारा ञ `Shift+]` ने. एवढ्या दोन जागा माहीत असल्या की काम भागतं. रोमन आकड्यांचा प्रश्न मराठी अधिनियमांनी बऱ्याचदा वेगळ्याच तऱ्हेने सोडवला आहे. तिथे (i), (ii) च्या जागी (एक), (दोन), (तीन) असे चक्क शब्द छापतात. दिसायला ते ओबडधोबड वाटतं, पण (एक) ला कुणी अक्षर समजत नाही आणि ठिपका उडाला म्हणून त्याची पातळीही बदलत नाही. या बाबतीत मराठी प्रत इंग्रजीपेक्षा शहाणी आहे.

यंत्राशी वागायचं कसं, हा भाग थोडक्यात सांगता येतो. वर्डमधली आपोआप क्रमांकाची सोय काम सुरू करण्याआधी बंद करावी. ती `File > Options > Proofing > AutoCorrect Options` मध्ये `AutoFormat As You Type` या पानावर `Automatic numbered lists` या नावाने असते. बंद करायची राहून गेली आणि खूण आपोआप आली, तर लगेच `Ctrl+Z` दाबलं की टाइप केलेला मजकूर राहतो आणि यंत्राची कारागिरी तेवढी जाते. आपोआप यादी चालू असताना ओळीच्या सुरुवातीला टॅब दाबणं टाळावं, कारण त्याने पातळी बदलते आणि पातळीबरोबर खूणही. ओळ आत सरकवायची तर वरच्या पट्टीवरून सरकवावी. आधीच कुणी यादी आपोआप क्रमांकाने करून ठेवली असेल आणि क्रमांक बरोबर असतील, तर ते गोठवता येतात. `Alt+F11`, मग `Ctrl+G` दाबून उघडणाऱ्या चौकटीत ही ओळ टाकून एंटर दाबायचं:

```
ActiveDocument.ConvertNumbersToText
```

त्यानंतर त्या खुणा साध्या मजकुरासारख्या होतात आणि मधला एखादा मुद्दा कापला तरी बाकीचे जागचे हलत नाहीत. चुकलेले क्रमांक मात्र चुकलेलेच गोठतात, म्हणून आधी तपासायचं आणि मग गोठवायचं.

कामाची खरी पद्धत मात्र यंत्राबाहेरची, पेन्सिलीची आहे. मजकुराला हात लावण्याआधी पानावरच्या फक्त खुणा कागदावर उतरवायच्या. एकोणिसाव्या अनुच्छेदाचा सांगाडा असा निघतो:

```
१९
   (१)
      (क)
      (ख)
      (ग)
      (घ)
      (ङ)
      [च नाही]
      (छ)
   (२)
   (३)
   (४)
   (५)
   (६)
      (i)
      (ii)
```

हे करताना माणूस मजकूर वाचत नाही, म्हणून त्याचं लक्ष अर्थाकडे वाहवत जात नाही आणि रिकामी जागा लगेच जाणवते. (ङ) नंतर (छ) आला की तो थांबतो, फोटो मोठा करून बघतो. अधिकृत प्रतीत वगळलेल्या जागी फुल्यांची ओळ आणि तळटिपेचा आकडा असतो, तो सापडला की कळतं की गाळलेलं आपण नाही, संसदेने गाळलंय. फोटो काढताना ओळ सुटली असती तर फुल्या नसत्या. सांगाडा पक्का झाला की मजकूर भरायचा, आणि शेवटी टाइप केलेल्या फाइलमधून पुन्हा खुणा काढून जुळवायच्या. वर्डच्या शोधपट्टीत `^p(` टाकलं की कंसाने सुरू होणारा प्रत्येक परिच्छेद एकामागून एक सापडत जातो. एकीकडे तो, दुसरीकडे पेन्सिलीचा सांगाडा.

तळटिपांचे आकडे हा या पानांवरचा आणखी एक चकवा. दुरुस्तीने आलेला मजकूर चौकोनी कंसात छापतात आणि त्याच्या डोक्यावर बारीक आकडा देतात. फोटोतून टाइप करताना तो बारीक १ ओळीवर उतरला की मुद्द्याच्या खुणेसारखा दिसू लागतो. दोन्ही वेगळे ठेवायची साधी रीत अशी की गोल कंसात असते ती खूण, आणि चौकोनी कंसाला चिकटलेला असतो तो टिपेचा आकडा. मधे घुसवलेल्या खुणांनाही हात लावायचा नाही. वित्त आयोगाविषयीच्या अनुच्छेद २८० मध्ये (b) नंतर (bb) आहे आणि मग (c). हा (bb) म्हणजे ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींच्या पैशासाठी घातलेला उपखंड. तो छपाईची चूक वाटून कुणी (c) केला, तर पुढचे दोन्ही उपखंड एकेक घर सरकतात.

सगळ्यांत अवघड जागा मात्र यादी संपल्यानंतर येते. काही वाक्यं यादीच्या आधी सुरू होतात, यादीतून जातात आणि यादीनंतर पुरी होतात. अनुच्छेद ३१क चा खंड (१) इंग्रजीत बघावा. सुरुवातीचे शब्द म्हणतात, अशा अशा तरतुदी करणारा कोणताही कायदा. मग (a) ते (e) या पाच प्रकारच्या तरतुदी येतात. जमीनदारीसारख्या इस्टेटी ताब्यात घेणं हा पहिला, खाणींचे आणि खनिज तेलाचे करार व परवाने मुदतीआधी रद्द करणं हा शेवटचा. आणि त्यानंतर, कुठलीही खूण नसलेली ओळ येते. तिचा आशय असा की अनुच्छेद १४ किंवा १९ शी विसंगत आहे, या कारणावरून असा कायदा रद्दबातल मानला जाणार नाही.

ही ओळ छापील पानावर (e) च्या लगेच खाली आहे. फोटोत समास आकसला असेल, तर ती (e) चीच पुढची ओळ वाटते आणि टाइप करणारा ती (e) च्या परिच्छेदात जोडून टाकतो. आता वाचून बघा. घटनेचं संरक्षण फक्त खाणींच्या परवान्यांना मिळालं, आणि (a) ते (d) मधल्या चार वाक्यांना क्रियापदच उरलं नाही. ते कळण्याचा मार्ग वर सांगितलेलाच आहे. पित्याचे शब्द, मग (a), मग ही शेवटची ओळ असं सलग वाचायचं. तसंच (b) ने, (c) ने. पाचांपैकी प्रत्येकाशी ती ओळ जुळते, याचा अर्थ ती पाचांच्या बापाची आहे आणि तिला बापाच्या पातळीवर, समासाकडे परत आणायला हवं. त्याखाली येणारं परंतुकही, राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती लागते असं सांगणारं, याच पातळीचं. त्यानंतर खंड (२) येतो, त्यात (a), आणि (a) च्या पोटात पुन्हा (i), (ii), (iii). तिथे इस्टेट म्हणजे काय काय हे सांगताना जहागीर आणि इनाम पहिल्या ओळीत आहेत आणि रयतवारी जमीन दुसऱ्या. एका पानावर चार पातळ्या होतात, त्यामुळे ३१क टाइप करून झाल्यावर छापून काढलेल्या प्रतीवर पट्टी उभी धरून पातळ्या जुळवणं बरं.

जुन्या छापखान्यांत प्रूफ तपासायला दोन माणसं बसत. एक मूळ प्रत मोठ्याने वाचे, दुसरा प्रुफावर नजर ठेवी. याद्यांच्या पानांना ती पद्धत अजूनही लागू पडते, फक्त वाचणाऱ्याने खुणाही उच्चारायला हव्यात: ‘कंसात छ’, ‘कंसात रोमन दोन’, ‘बाहेर आलो’. आत गेल्याचं आणि बाहेर आल्याचं तोंडाने सांगितलं की ३१क मधल्या त्या बिनखुणेच्या ओळीपाशी ऐकणाऱ्याला थांबावंच लागतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाच्या हाती बहुधा येणारं एक पान अनुच्छेद ३७१ चं असेल. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगळी विकास मंडळं, निधीचं न्याय्य वाटप, तंत्रशिक्षणाची आणि नोकरीच्या संधींची सोय ही राज्यपालांची विशेष जबाबदारी करता येते, ते याच अनुच्छेदाखाली. या तीन बाबींना (क), (ख), (ग) अशा खुणा आहेत आणि त्या ज्या खंडाच्या पोटात आहेत, त्याचा क्रमांक (२) आहे. खंड (१) नाही. तो आंध्र प्रदेशाविषयी होता आणि १९७३ च्या ३२ व्या दुरुस्तीने तो वगळला. अनुच्छेदाच्या शीर्षकाखाली एक फुल्यांची ओळ आणि मग थेट (२) असं ते पान दिसतं. टाइप करणाऱ्याने ती फुल्यांची ओळ जशीच्या तशी ठेवावी, तळटिपेचा आकडाही ठेवावा, आणि (२) हाताने टाइप करावा. वर्डमध्ये आपोआप क्रमांकाची सोय चालूच ठेवायची असेल, तर त्या क्रमांकावर उजवी कळ दाबून `Set Numbering Value` मध्ये २ भरावा लागतो. नाहीतर विकास मंडळांची तरतूद ३७१(१) खाली जाऊन बसते, आणि त्या क्रमांकाखाली आज संविधानात काहीही नाही.